पंधरा जणांचं सरासरी वय

मला आकड्यांचा माज होता, हे आधीच कबूल करून टाकते. माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहायचे, साताऱ्याहून आलेले, आणि घरात आकड्याशी संबंध असलेली मी पहिलीच. त्यामुळे ऑफिसात कुणी 'साधारण', 'जवळपास', 'असंच काहीतरी' म्हटलं की माझं डोकं फिरायचं. साधारण म्हणजे किती? नीट सांगा ना!

मी तेव्हा एका धर्मादाय ट्रस्टच्या महाप्याच्या ऑफिसात नोंदी बघायचे. त्याआधी दोन वर्षं तिथल्याच एका आयटी पार्कात हजेरीचे तक्ते साफ केले होते. ट्रस्टचा एक छोटा दवाखाना घणसोली गावात होता. गाव म्हणजे जुनं गावठाण, दाटीवाटीची घरं, एकेका घरावर चढवलेले तीन-तीन मजले आणि त्यांतल्या भाड्याच्या खोल्या. खाली म्हातारे घरमालक, वर तरुण भाडेकरू आणि त्यांची तान्ही पोरं. मी राहायला कामोठ्याला, रोज बसने महाप्याला. घणसोली गावात मी वर्षातून दोनदा जायचे, तेही कुणी जबरदस्तीने पाठवलं तर. माझं गाव म्हणजे माझी एक्सेल शीट.

नव्या मुलामुलींना मी एक गंमत नेहमी दाखवायची. जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं, वयं चोवीस, सव्वीस, सत्तावीस, एकोणतीस. पाचवे आमचे डॉक्टरसाहेब, ट्रस्टचे प्रमुख, चौऱ्याहत्तर वर्षांचे. पाचांची बेरीज एकशे ऐंशी, भागिले पाच, सरासरी छत्तीस. "आता सांगा, या टेबलावर छत्तीसचं कोण आहे?" कोणीच नाही. मग पाचांना वयाप्रमाणे रांगेत उभं करायचं, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि बरोबर मधल्याचं वय घ्यायचं. सत्तावीस. त्याला मध्यक म्हणतात. साहेबांऐवजी शंभर वर्षांचे आजोबा आणून बसवले तरी मध्यक सत्तावीसच. "एखादं माणूस गटापेक्षा फारच वेगळं असलं ना, तर सरासरीच्या नादी लागू नका, मध्यक धरा." साहेब हसायचे, मला टाळी द्यायचे. मी फुशारून जायची.

त्या वर्षी घणसोलीच्या दवाखान्याचा प्रश्न आला. दर बुधवारी तिथे लहान मुलांचे डॉक्टर यायचे, बाळांची वजनं व्हायची. गावातल्या ज्येष्ठ नागरिकांनी अर्ज दिला की बुधवार आम्हाला द्या, आमचं बीपी, शुगर, गुडघे कोण बघणार? डॉक्टर एकच दिवस येणार, दोन्ही जमणार नाही. साहेब म्हणाले, "भांडण नको, आकडे बघू. आपल्या नोंदणीतल्या कुटुंबांत वर्षभरात जे गेले, त्यांची वयं काढ. गावाला कशाची गरज आहे ते त्यातूनच दिसेल."

मृत्यूची वही घणसोलीची मावशी भरायची. मावशी म्हणजे दवाखान्याची आरोग्यसेविका, गावातलीच कोळीण, पंचावन्नच्या पुढची. घरोघर फिरायची, कोणाकडे कोण आजारी, कोण पोटुशी, सगळं तिला पाठ. वहीतला नमुना मीच आखून दिलेला होता. त्यात एक रकाना: 'वय (पूर्ण झालेली वर्षे)'. ही अक्कल माझीच. साडेपासष्ट, पावणेसत्तर असलं काही नको म्हणून.

वही आली, ऑफिसातल्या एकीने ती शीटमध्ये चढवली, शीट माझ्याकडे आली. मी वयाचा रकाना क्रमाने लावला. वर चार ओळी शून्याच्या.

हजेरीच्या कामात शून्य म्हणजे कचरा असायचा. माहिती नसली की लोक शून्य ठोकायचे, कारण तो तक्ता रिकामी चौकट घ्यायचाच नाही. शून्य दिसलं की काढायचं, हे हाताला लागलेलं वळण. शिवाय, शून्य वय हे काय वय आहे? मी चारही ओळी निवडल्या, त्या निळ्या झाल्या, आणि मी डिलीट केल्या. खालच्या अकरा ओळी सरसरत वर आल्या आणि ती जागा भरून गेली. ते वर सरकणं मला आजही दिसतं. भाजी चिरताना दिसतं, बसच्या खिडकीतून बाहेर बघताना दिसतं.

अकरा जण उरले. अठ्ठावन्न, एकसष्ट, चौसष्ट, सहासष्ट, अडुसष्ट, सत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर, एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी. बेरीज सातशे पंच्याहत्तर. सरासरी सत्तर पूर्णांक पंचेचाळीस. मधला सहावा, म्हणजे मध्यक सत्तर. दोन्ही आकडे एकमेकांना खेटून! मी खूश. मीटिंगमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सरासरी आणि मध्यक इतके जवळ आले म्हणजे गट एकसारखा आहे, कोणी फार वेगळं नाही. हे गाव म्हातारपणाने जातंय." साहेब म्हणाले, "वा, दोघंही एकच साक्ष देतायत." बुधवार ज्येष्ठांचा झाला. बाळांच्या डॉक्टरांना दुसऱ्या केंद्रावर पाठवलं.

माझा तो एक पानी अहवाल छापून दवाखान्याच्या भिंतीला चिकटवला गेला. आणि एका बुधवारी साहेबांनी मला तिथे पाठवलं, ज्येष्ठांचा दिवस कसा चाललाय ते बघायला. मी कुरकुरत गेले. बाकांवर आजोबा-आज्या बसलेल्या, एकाचं बीपी बघणं चाललेलं, सगळे समाधानी. चला, आपलं काम फत्ते, असं मनात म्हणते न म्हणते तोच मावशीने मला भिंतीपाशी नेलं.

"बाय, ह्यो कागद तुजा ना?"

"हो. का?"

"हितं अकरा लिवलंय. मी पंधरा लिवलेले."

"मावशी, वय नव्हतं लिहिलं त्यातल्या चौघांचं. वय नसलं की मोजता येत नाही."

"नाय कसं? मी लिवलंय. शून्य लिवलंय." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तूच सांगितलंस ना, पूर्न झालेली वर्सं लिवायची. त्यांचं येक पन वरीस पूर्न झालेलं नव्हतं. मंग काय लिवू मी?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून "किती दिवसांची..." एवढंच म्हटलं.

मावशीने बोटं धरली. मागच्या गल्लीतली पोरगी, आठ दिवसांची. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीतला मुलगा, दोन महिन्यांचा. देवळाजवळची, चार महिन्यांची, ताप डोक्यात गेला. आणि तिच्या स्वतःच्या पुतणीचा, सात महिन्यांचा, बसायला लागला होता. नावं तिने घेतली नाहीत. चार बोटं तशीच माझ्यासमोर धरून राहिली.

"माजी चार पोरं तू कुटं टाकलीस, बाय?"

देवा रे. इतकी वर्षं मी हे काम करत होते, मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. तिला सरासरी काढता येत नव्हती, मध्यक हा शब्द तिने ऐकला नव्हता. तिला फक्त आपण किती जण लिहिले ते माहीत होतं.

तेवढ्यात दारात एक बाई आली. वीस-बावीसची, परभणीकडची, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी, नवरा महाप्यात पॅकिंगच्या कामाला. पदराखाली बाळ. बाकावरच्या आज्यांकडे बघून ती बावरली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की बुधवार आता बाळांचा नाही. मावशीने स्टूल ओढलं, कपाटावर टाकलेला बाळांचा काटा खाली काढला, पुसला, वर धुतलेलं फडकं अंथरलं आणि बाळाला ठेवलं. पाच आठवड्यांची मुलगी. जन्माला एक किलो नऊशे. आधीच्या वजनाला दोन किलो तीनशे होती. आज दोन किलो अडीचशे. मी वाकून पाहिलं. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

"वजन उतरलंय," मावशी तिला म्हणाली. "हितं थांबू नको. मोठ्या हास्पिटलात ने, आजच ने."

ती म्हणाली, नवऱ्याची डबल ड्युटी आहे, एकटीला रस्ता माहीत नाही, दोन बसा बदलाव्या लागतात. आणि मी, माझी जीभ का झडली नाही तेव्हा, मी मधेच म्हणाले, "ताई, काळजी करू नका. दोन बुधवार थांबा. डॉक्टर परत इथेच येतील. मी आणते."

त्या बाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. शहाण्यासुरत्या, साडीला पिन लावलेल्या, ऑफिसातून आलेल्या मॅडमने सांगितलं होतं. मावशीने माझ्याकडे जळजळीत बघितलं आणि पुन्हा तिला बजावलं, "आजच ने गं." तिने मान हलवली. कोणाच्या बोलण्याला हलवली, ते मला त्या दिवशी कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

महाप्याला परत येऊन मी वही उघडली. चार शून्यं, मावशीच्या गोल अक्षरातली, नीट गिरवलेली. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक तिला कळला होता, मला नाही. मी पंधरा ओळींनी हिशेब परत मांडला. बेरीज बदललीच नाही. सातशे पंच्याहत्तरच. त्या चौघांनी बेरजेत काहीच घातलं नव्हतं, भागणारा आकडा तेवढा अकराचा पंधरा झाला होता. सरासरी सत्तरवरून थेट एक्कावन्न पूर्णांक सदुसष्टवर आली. मी खुर्चीत बसून राहिले. शेजारच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" मी तिच्यावर उगाच खेकसले.

दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगायला गेले, तर साहेब लेकाकडे पुण्याला. फोनवर म्हणाले, "चूक झाली तर झाली, टेन्शन घेऊ नकोस. आल्यावर मीटिंग लावू." आले तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांत मी मावशीला रोज फोन केला असता तर? एकदाच केला. ती म्हणाली, "मी दोनदा सांगून आले. म्हनती, जाते, जाते." मला जास्त विचारायचं धाडस झालं नाही. पण बसमध्ये कुणाच्या मांडीवर तान्हं बाळ दिसलं की कंडक्टर त्याचं तिकीट मागतो का, ते मी बघत बसायची. तो मागत नाही. मांडीवरचं बाळ त्याच्या मोजणीत नसतंच. मला ते बघवायचं नाही, आणि नजर हटायची पण नाही.

मीटिंगमध्ये मी चूक कबूल केली, नवे आकडे ठेवले. साहेबांनी चष्मा वर केला. "मध्यक किती आला?"

"सहासष्ट."

"आधी?"

"सत्तर."

"म्हणजे चारच वर्षांचा फरक. सरासरी सोडून दे, चार लहान मुलांमुळे ती घसरलीय. एखादं माणूस फार वेगळं असलं की मध्यक धरायचा, हे तूच ना शिकवतेस सगळ्यांना?"

माझंच हत्यार माझ्यावर. ते बरोबर बोलत होते, हीच तर पंचाईत. मध्यक खोटं सांगत नव्हता. पंधरा जणांची रांग लावली तर आठवा सहासष्टचा, सात त्याच्या अलीकडे, सात पलीकडे. गेलेल्यांतले निम्म्याहून जास्त पिकलं पान होऊनच गेले होते.

मी फळ्यावर गेले. म्हटलं, "साहेब, समजा ही चार मुलं मेलीच नाहीत. त्यांच्या जागी पन्नाशीतली चार माणसं गेली, चौघंही पन्नासची. मध्यक किती?"

त्यांनी मनात रांग लावली. "सहासष्टच."

"आणि सरासरी?"

सातशे पंच्याहत्तर अधिक दोनशे, नऊशे पंच्याहत्तर, भागिले पंधरा. "पासष्ट," ते म्हणाले.

"बघा. पन्नास वर्षं जगून गेलेली चार माणसं आणि वर्षसुद्धा न जगलेली चार बाळं, मध्यकाला दोन्ही सारखीच. तो फक्त बघतो, मधल्याच्या अलीकडे किती जण उभे आहेत. किती अलीकडे, ते तो बघतच नाही. सरासरीला मात्र कळतं. पासष्टची ती बावन्नच्या खाली आली. आता बावन्नच्या आसपास या गावात कोणी गेलंय का? एक वर्षापासून सत्तावन्नपर्यंत एकही नाही. म्हणून नुसत्या सरासरीवरही जाऊ नका, ती म्हणेल इथे बावन्नाव्या वर्षी माणसं मरतात. पण दोघांच्या मधली ही चौदा वर्षांची दरी आहे ना, ती दरी म्हणजेच ती चार पोरं. मी आधी ती दरी बुजवून तुमच्यापुढे आले होते." मीटिंगमध्ये रडणाऱ्या बायकांचा मला राग यायचा. तरी रडले.

साहेबांनी चष्मा खाली केला, पुन्हा लावला. बुधवार सकाळी बाळांचा, दुपारनंतर ज्येष्ठांचा, बाळांचे डॉक्टर परत घणसोलीला, असं ठरलं. इतकं सोपं होतं ते. हे आधीच का सुचलं नाही कोणाला?

पहिल्या बुधवारी मी स्वतःहून गेले, कोणी न पाठवता. काटा टेबलावर मांडलेला. अकरा बायका आल्या. प्रत्येक वेळी दारात पदर दिसला की मी उठून उभी राहायची. बारा वाजले. मावशी म्हणाली, "चल, तिच्या खोलीवर बगून येऊ."

तीन जिने. खोलीला कुलूप. शेजारीण धुणं वाळत घालत होती. म्हणाली, गेले, आठवडा झाला, नवऱ्याचं काम सुटलं म्हणे, भांडीकुंडी घेऊन गेले. कुठे? गावाला असतील, नाहीतर दुसरीकडे कुठे. फोन? मावशीकडे नंबर होता, तो बंद. मी विचारलं, "बाळ? बाळ होतं ना बरोबर?"

शेजारीण हातात ओला टॉवेल धरून विचार करू लागली. "काखेत काहीतरी होतं तिच्या. गुंडाळलेलं. कपड्यांचं बोचकं होतं का बाळ, ते नाही बघितलं हो."

"मोठ्या हॉस्पिटलात गेली होती का ती मधे?"

"नाही बा. ती म्हणायची, डॉक्टर इथेच येणारेत, ऑफिसातल्या बाईंनी सांगितलंय."

मी जिन्याच्या कठड्याला धरलं. खाली कोणाच्या तरी घरात मासळी तळत होते, तो वास जिन्यात भरला होता. मावशी पुढे होऊन जिना उतरायला लागली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

दवाखान्यात परत आलो. मावशीने वजनांची वही काढली, त्या मुलीचं पान उघडलं. एक नऊशे. दोन तीनशे. दोन अडीचशे. त्याखाली आजची तारीख घातली आणि पेन थांबलं. बाहेर ज्येष्ठ मंडळी जमायला लागली होती.

"काय लिवू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "माहीत नाही ना मावशी. माहीत नसलं तर रिकामं ठेवायचं."

तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग मान वर केली. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं, "रिकामं ठेवलं तर तू काडून टाकशील का, बाय?"